टाकी किती वेळात रिकामी होईल? चल वेगळे करून अवकल समीकरण सोडवण्याची रीत

सरळ उभ्या भिंतींची एक गोल टाकी घ्या. आतला व्यास ६० सेंटीमीटर, पाण्याची उंची १०० सेंटीमीटर, म्हणजे साधारण २८० लिटर पाणी. तळाला जेमतेम एक सेंटीमीटरचं भोक आहे आणि त्याचं बूच आपण काढलं. पाच मिनिटांनी पट्टी बुडवून पाहिली, तर उंची ८१ सेंटीमीटर भरली. टाकी पूर्ण रिकामी व्हायला किती वेळ लागेल?

त्रैराशिक मांडलं तर पाच मिनिटांत १९ सेंटीमीटर, म्हणून १०० सेंटीमीटरला सुमारे २६ मिनिटं. खरं उत्तर याच्या जवळजवळ दुप्पट आहे. पाणी जसं खाली जातं तसा दाब कमी होतो आणि धार मंदावते, हे त्रैराशिकाला कळत नाही. बदलाचा वेग स्वतः उंचीवरच अवलंबून असेल, तर अवकल समीकरण मांडावं लागतं. या टाकीचं समीकरण पहिल्या कोटीचं आहे आणि त्यातले चल वेगळे करता येतात, त्यामुळे ते कागदावर पूर्ण सुटतं. पुढे हेच एक उदाहरण शेवटपर्यंत नेतो, कारण सुरुवातीची अट नेमकं काय ठरवते हे यात फार स्पष्ट दिसतं.

समीकरण कुठून आलं

गॅलिलिओच्या अखेरच्या महिन्यांत त्याच्याजवळ राहिलेल्या टॉरिचेल्लीने १६४४ साली हा नियम छापला: भोकातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. आजच्या भाषेत v = √(2gh). पाण्याचा एखादा थेंब पृष्ठभागापासून भोकापर्यंत मोकळा पडला असता तर त्याला जो वेग आला असता, तोच हा वेग.

टाकीचा आडवा छेद सगळीकडे सारखा असल्यामुळे उंची कमी होण्याचा वेगही √h च्याच प्रमाणात राहतो. वेळ t मिनिटांत आणि उंची h सेंटीमीटरमध्ये धरली, तर

```
dh/dt = -k √h,    h(0) = 100
```

उणे चिन्ह उंची घटते आहे म्हणून. k मध्ये भोकाचं आणि टाकीचं क्षेत्रफळ, गुरुत्वाकर्षण आणि धारेचं आकुंचन हे सगळं आलं. धारदार कडेच्या भोकातून निघालेली धार आकसते आणि तिचा छेद भोकाच्या साधारण ०.६ पट उरतो. कड गोलसर असेल तर हा आकडा बदलतो. म्हणून k सूत्राने काढण्याऐवजी मोजमापातून काढणं मला जास्त भरवशाचं वाटतं. पाच मिनिटांनंतरची पट्टी त्यासाठीच लावली होती.

आधी पाहा: चल खरंच वेगळे होतात का?

उजवी बाजू "फक्त वेळेचं काहीतरी" गुणिले "फक्त उंचीचं काहीतरी" अशी लिहिता आली पाहिजे. इथे -k हा वेळेचा भाग, स्थिर असला तरी चालतो, आणि √h हा उंचीचा भाग. काम झालं.

कुणी व्हॉल्व्ह हळूहळू बंद करत असेल आणि k वेळेनुसार बदलत असेल, तरी उजवी बाजू -k(t)·√h अशी गुणाकाराचीच राहते, म्हणून समीकरण वेगळं होतं. वरून नळ सुरू असेल आणि त्याची धार वेळेनुसार बदलत असेल, तर उजवी बाजू a(t) - k√h होते. ही वजाबाकी आहे. तिचा असा गुणाकार होत नाही आणि ही रीत तिथे थांबते. मधेमधे वेळ आणि उंची एकाच कंसात अडकलेली दिसली की बळजबरीने भागाकार करून त्यांना वेगळं करू नका. t उजवीकडे आणि h डावीकडे पूर्णपणे गेले नाहीत तर पुढचं समाकलन निरर्थक ठरतं.

वेगळे करणं आणि दोन्ही बाजूंचं समाकलन

दोन्ही बाजूंना √h ने भागू:

```
(1/√h) dh = -k dt
```

भागताना एक गोष्ट आपण न बोलता मान्य केली: h शून्य नाही. शून्य असेल तर हा भागाकारच चालत नाही. मूळ समीकरणात h = 0 घालून पाहा. डावीकडे शून्य, उजवीकडेही शून्य. म्हणजे "टाकी कायम रिकामी" हेसुद्धा समीकरणाचं एक उत्तर आहे, आणि भागाकार करताना ते आपल्या हातून निसटलं. कशाने भागलं ते समासात लिहून ठेवायची सवय लावून घ्या. ते शेवटी दोनदा उपयोगी पडणार आहे.

dh आणि dt यांना सुटे आकडे समजून इकडून तिकडे हलवणं अनेकांना खटकतं, आणि ते खटकायला हवं. त्यामागचं खरं कारण साखळी नियम आहे. 2√h या राशीचं t च्या सापेक्ष अवकलन केलं तर (1/√h)·(dh/dt) मिळतं. आपलं समीकरण म्हणतं की ही राशी -k आहे. म्हणजे 2√h ही अशी राशी आहे जिच्या बदलाचा वेग स्थिर, -k. तर ती राशी -kt अधिक एक स्थिरांक अशीच असणार:

```
2√h = -kt + C
```

दोन्ही बाजूंना समाकलन केलं म्हणून C1 आणि C2 असे दोन स्थिरांक येतात, पण त्यांची वजाबाकीही एक स्थिरांकच असते. म्हणून एकच C पुरतो, आणि तो वेळेच्या बाजूला ठेवणं सोयीचं.

अट इथेच वापरा

पायऱ्यांचा क्रम इथे फार महत्त्वाचा आहे. √h मोकळं करण्याआधी, वर्ग करण्याआधी, समाकलन झाल्या झाल्या सुरुवातीची अट घाला. t = 0 असताना h = 100:

```
2·10 = -k·0 + C   →   C = 20
```

घाईत C विसरून आधी वर्ग केला आणि मग शेवटी "+ C" चिकटवला तर काय होतं? √h = -kt/2, म्हणून h = k²t²/4 + C, अट घातली की C = 100, आणि h = 100 + k²t²/4. हे उत्तर t = 0 ला बरोबर १०० देतं, म्हणून ते बरोबर वाटतं. पण त्यात पाणी वाढत चाललं आहे! परीक्षेच्या पेपरात ही चूक सर्रास दिसते. अट जुळते एवढ्यावर उत्तर बरोबर ठरत नाही. समीकरणही जुळलं पाहिजे.

आता k. पाच मिनिटांनी h = 81, म्हणून √h = 9:

```
2·9 = -5k + 20   →   k = 0.4
```

या दोन मोजमापांची कामं वेगळी आहेत. सुरुवातीच्या अटीने C ठरला. पाच मिनिटांच्या मोजमापाने k ठरला, जो या भोकाचा आणि या टाकीचा गुण आहे. उद्या हीच टाकी ६४ सेंटीमीटरपर्यंत भरून बूच काढलं तर k तोच ०.४ राहील, फक्त C बदलून 16 होईल.

C शोधायचाच नसेल तर समाकलनाला सीमा द्या. वेळ 0 पासून t पर्यंत, आणि त्याच वेळात उंची 100 पासून h पर्यंत:

```
∫[100→h] dh/√h = ∫[0→t] -0.4 dt
2√h - 20 = -0.4t
```

खालच्या सीमा एकाच क्षणाच्या असाव्यात, वरच्याही एकाच क्षणाच्या, एवढंच सांभाळायचं. मला ही मांडणी अधिक आवडते, कारण तिच्यात अट विसरायला जागाच उरत नाही. दोन्हींतून एकच उत्तर येतं:

```
√h = 10 - t/5
h  = (10 - t/5)²
```

उत्तर कुठपर्यंत खरं

दर पाच मिनिटांची उंची काढली तर १००, ८१, ६४, ४९, ३६, २५, १६, ९, ४, १, ० अशी मालिका मिळते. पन्नासाव्या मिनिटाला टाकी रिकामी. दर पाच मिनिटांतली घट १९, १७, १५, १३ अशी विषम संख्यांनी उतरत शेवटी १ वर येते. मोकळ्या पडणाऱ्या वस्तूच्या अंतरांत गॅलिलिओला सापडलेल्या याच विषम संख्या, फक्त उलट्या क्रमाने. अर्धं पाणी जायला, म्हणजे उंची ५० वर यायला, √50 ≈ 7.07 धरून सुमारे १४.६ मिनिटं लागतात. उरलेल्या अर्ध्याला ३५ मिनिटांहून जास्त.

आता त्याच सूत्रात t = 60 घाला. h = (10 - 12)² = 4. रिकाम्या टाकीत दहा मिनिटांनी चार सेंटीमीटर पाणी! गडबड वर्ग करताना झाली. √h = 10 - t/5 या ओळीत डावी बाजू कधीच ऋण नसते, म्हणून उजवीही ऋण होता कामा नये. ही अट ५० मिनिटांपर्यंतच पाळली जाते. वर्ग केला की ती अट नजरेआड होते. म्हणून पूर्ण उत्तर दोन तुकड्यांत लिहायचं:

```
h(t) = (10 - t/5)²    0 ≤ t ≤ 50
h(t) = 0              t > 50
```

दुसरा तुकडा म्हणजे भागाकारात निसटलेलं तेच h = 0 हे उत्तर. पन्नासाव्या मिनिटाला दोन्ही तुकडे उंचीनेही जुळतात आणि उतारानेही, दोन्हीकडे उतार शून्य.

इथे आणखी एक गोष्ट घडते. तुम्हाला कुणी रिकामी टाकी दाखवली आणि "साठाव्या मिनिटाला h = 0" एवढीच अट दिली, तर आधी काय झालं ते सांगता येईल का? नाही. ती पन्नासाव्या मिनिटाला रिकामी झाली असेल, तिसाव्याला झाली असेल, किंवा कधी भरलीच नसेल. समीकरण तेच, अट तीच, आणि उत्तरं अनंत. एका अटीला एकच उत्तर मिळण्याची हमी हवी असेल, तर उजवी बाजू h बरोबर फार वेगाने बदलत नाही हे पाहावं लागतं. √h चं h च्या सापेक्ष अवकलन 1/(2√h) आहे, आणि h शून्याकडे गेला की ते अनंताकडे जातं. नेमकी तिथेच हमी तुटते. h = 100 सारख्या धन उंचीच्या अटीला मात्र टाकी रिकामी होईपर्यंत एकच उत्तर आहे.

प्रत्यक्ष टाकीत अगदी शेवटचा थोडा भाग सूत्राप्रमाणे वागत नाही. पाण्याची उंची भोकाच्या व्यासाइतकी उरली की भोवरा होऊन हवा आत शिरते, आणि धार तुटून थेंब पडू लागतात. सूत्र आपल्या टाकीला लागू आहे की नाही हे तपासायचा सोपा मार्ग म्हणजे मोजलेल्या उंचींची वर्गमुळं काढून वेळेसमोर आलेखावर मांडणं. बिंदू सरळ रेषेत आले तर नियम लागू. रेषा वाकली तर टाकीच्या भिंती सरळ नसतील, किंवा भोकाऐवजी लांब पाइप असेल आणि त्यातलं घर्षण आपण धरलेलं नसेल.

आता वरून नळ सुरू करा

तीच टाकी, तेच भोक, पण वरून एकसारख्या धारेचा नळ, जो एकट्याने मिनिटाला दोन सेंटीमीटर उंची वाढवतो (या टाकीत ते मिनिटाला साडेपाच लिटरांहून थोडं जास्त होतं). समीकरण:

```
dh/dt = 2 - 0.4√h = 0.4(5 - √h)
```

नळाची धार स्थिर असल्यामुळे उजवी बाजू पूर्णपणे h ची आहे, म्हणून चल वेगळे होतात. भागायचं 5 - √h ने. समासात लिहा: √h = 5, म्हणजे h = 25, वगळलं. २५ सेंटीमीटरला जेवढं येतं तेवढंच जातं, त्यामुळे ही समतोलाची उंची आहे.

समाकलनासाठी √h ला u म्हणा. मग h = u², dh = 2u du:

```
u/(5 - u) du = 0.2 dt
```

डावीकडचा अपूर्णांक सरळ समाकलित होत नाही, पण u/(5 - u) = -1 + 5/(5 - u) असं लिहिलं की होतो:

```
-u - 5 ln|5 - u| = 0.2t + C
```

लॉगच्या आतली केवल मूल्याची उभी रेघ गाळू नका. तिच्या आतलं चिन्ह कोणतं हे सुरुवातीची अटच सांगते.

टाकी १०० वर असताना नळ सुरू केला, तर u = 10 पासून सुरुवात. u पाचापेक्षा मोठा आहे, म्हणून |5 - u| = u - 5. अट घालून C = -10 - 5 ln 5, आणि थोडी मांडामांड केली की

```
t = 50 - 5u + 25 ln( 5/(u - 5) )
```

हे u साठी सोडवता येत नाही, आणि सोडवायची गरजही नाही. उंची निवडा, वेळ काढा. उंची ४९ (u = 7) वर यायला 15 + 25 ln 2.5, म्हणजे सुमारे ३८ मिनिटं. ३६ वर यायला सुमारे ६० मिनिटं. नळ नसताना ती अनुक्रमे १५ आणि २० मिनिटांत आली होती. u = 5.1, म्हणजे उंची २६ च्या आसपास, यायला १२२ मिनिटं लागतात. u पाचाच्या जितका जवळ जाईल तितका लॉग वाढत जातो. २५ ला पाणी कधीच टेकत नाही.

टाकी रिकामी असताना नळ सुरू केला, तर u = 0 पासून सुरुवात, u पाचापेक्षा लहान, म्हणून |5 - u| = 5 - u. आता C = -5 ln 5, आणि

```
t = -5u + 25 ln( 5/(5 - u) )
```

१६ सेंटीमीटर भरायला (u = 4) सुमारे २० मिनिटं. इथेही पाणी २५ कडे सरकतं, पण खालून. पहिल्या उत्तरातलं u - 5 चुकून इथे वापरलं, तर u = 4 घातल्याबरोबर लॉगच्या आत ऋण संख्या येते आणि कॅल्क्युलेटर एरर दाखवतो. अशी एरर आली की आकडेमोड पुन्हा करण्याआधी अट कोणत्या बाजूची आहे ते पाहा.

आणि टाकी नेमकी २५ वर असताना नळ सुरू केला तर? वरच्या दोन्ही सूत्रांत u = 5 घालता येत नाही, तिथे शून्याने भागावं लागतं. समासातली नोंद इथे कामी येते: उत्तर h = 25, कायम. समाकलनाची गरजच नाही. म्हणून कुठलीही अट हातात आली की सगळ्यात आधी ती भाजकाला शून्य करते का, ते पाहायचं.

शेवटची पायरी तपासणी. उत्तर t = ... अशा रूपात असेल तर त्याचंच u च्या सापेक्ष अवकलन करा. पहिल्या सूत्रातून dt/du = -5 - 25/(u - 5) = -5u/(u - 5) मिळतं. उलटं केलं की du/dt = (5 - u)/(5u). h = u² असल्याने dh/dt = 2u·du/dt = 0.4(5 - u), म्हणजे ज्या समीकरणापासून निघालो तेच. u = 10 घातलं की 50 - 50 + 25 ln 1 = 0, म्हणजे अटही जुळली.